कोंबडीच्या पोटातलं पाणी आणि आपला पडदा



मागल्या जानेवारीत माल उचलून दोन दिवस झाले असतील, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या दुकानदाराचा सकाळीच फोन आला. "काका, तुमच्या मालात पाणी निघतंय. तीन कोंबड्या कापल्या, तिन्हीच्या पोटातून तांब्याभर पाणी. गिऱ्हाईक समोर उभं होतं. म्हणतंय, वजन वाढवायला इंजेक्शन मारता काय?"

मला काय बोलावं कळेना. पाणी होतं हे खरं. इंजेक्शन मारलं नव्हतं हेही खरं. ते पाणी कोंबडीच्या स्वतःच्या रक्तातून आलेलं होतं. पण हे फोनवर कुणाला पटवणार? त्या तीन कोंबड्यांचे पैसे दुकानदाराने गाडीवाल्याच्या हिशोबात कापले, गाडीवाल्याने पुढं कुठं कापले ते तुम्हाला माहीतच आहे.

आपल्याकडं याला कुणी 'पोटात पाणी' म्हणतं, कुणी 'हिवाळी मर', डॉक्टर लोक 'असायटिस' म्हणतात. आणि त्याच बॅचमध्ये आधीच्या दोन आठवड्यांत चांगली गुटगुटीत पिल्लं उताणी पडून मरतात, त्याला आपण 'अटॅक' म्हणतो. माझं मत आज सरळ लिहितो. हा रोग आपण शेडवरच तयार करतो, बराचसा पहिल्या तीन आठवड्यांत, आणि बराचसा पडद्याने. कंपनीचं पिल्लू, कंपनीचं खाद्य हेही त्यात आहे, ते पुढं सांगतो. पण पडदा आपल्या हातात आहे, म्हणून आधी तो.

आधी आत काय होतं ते समजून घेऊ. आपलं फुफ्फुस फुग्यासारखं फुगतं आणि बसतं. कोंबडीचं तसं नाही. तिचं फुफ्फुस बरगड्यांना चिकटलेलं, ताठ असतं, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फारशा रुंद होऊ शकत नाहीत. आता पिल्लू ४० ग्रॅमचं येतं आणि पाच-साडेपाच आठवड्यांत दोन किलोचं होतं, म्हणजे पन्नासपट. छातीचं मांस भराभर चढतं, त्याला ऑक्सिजन लागतो. हृदय जास्त रक्त फुफ्फुसात ढकलायला जातं, पण पाइप तेवढाच. मग दाब वाढतो. हृदयाची उजवी बाजू त्या दाबाविरुद्ध काम करून करून आधी जाड होते, मग सैल पडते. तिथली झडप नीट मिटत नाही, रक्त मागं तुंबतं, ते लिव्हरमध्ये साठतं, आणि लिव्हरमधून पिवळसर पाणी पाझरून पोटात जमतं. मोटर चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद आहे, तर पाणी जोडावरून गळणारच. तसंच.

म्हणून लिव्हर टॉनिक पाजून हे बरं होत नाही. लिव्हर बिचारं शेवटी सापडलेलं असतं. मी स्वतः दोन बॅचला टॉनिकच्या बाटल्या रिकाम्या केल्यात, म्हणून बोलतो.

हा आजार ब्रॉयलरमध्ये पहिल्यांदा गाजला तो बोलिव्हिया, पेरू, मेक्सिको इथल्या उंच पठारांवर. तिथं हवाच विरळ. आता आपलं बदलापूर-अंबरनाथ काही डोंगरमाथ्यावर नाही. उल्हास नदीच्या काठची सखल जमीन, हवेत ऑक्सिजन भरपूर. तरी आपल्या कोंबडीला पठारावरचा रोग होतो, कारण पठार आपण शेडमध्ये बांधतो. चारी बाजूंनी प्लास्टिकचा पडदा, आत कोळशाची शेगडी, खाली ओली गादी, वर तीन हजार नाकं.

माझी मागच्या वर्षीची बॅच उघडून दाखवतो. शेड मुळगावच्या पुढं, बारवी धरणाच्या रस्त्याला, १०० बाय ३० फूट. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ३००० पिल्लं टाकली. तुम्हाला ठाऊक आहे, मुंबईत लोक पंखा लावून झोपतात तेव्हा आमच्याकडं पहाटे शेकोटी पेटलेली असते. त्या वर्षी थंडी जरा जास्तच. मी काय केलं? दोन्ही बाजूंचे पडदे खालपर्यंत सोडले, कडा विटांनी दाबल्या, आत ब्रुडिंगच्या जागेवर प्लास्टिकचा आणखी एक मांडव केला, आणि दोन शेगड्या ठेवल्या. गॅस महाग, म्हणून कोळसा. आत गेलं की छान ऊब. सुपरवायझर येऊन म्हणाला, "काका, एक नंबर ब्रुडिंग." मला पण वाटलं एक नंबर.

पहिल्या आठवड्यात ३६ गेली, ते नेहमीचंच. पंधराव्या दिवसापासून अटॅक सुरू झाला. सव्विसाव्या दिवसापर्यंत २७ गेली. सगळी मोठी, आणि बहुतेक नर. अशी पाखरं मरताना पाहिली असतील तुम्ही. खात असतं, पाणी पीत असतं, एकदम ओरडतं, पंख फडफडवतं, आणि मिनिटभरात उताणं, पाय वर. फाडून बघितलं तर अन्ननळीची पिशवी दाण्याने भरलेली, आतडी भरलेली, फुफ्फुस लाल आणि ओलं, हृदयाचा खालचा भाग आकसलेला, बाकी काहीच नाही. ज्याला काही झालेलं दिसत नाही तेच मेलेलं असतं.

सत्ताविसाव्या दिवसापासून दुसरा प्रकार. कोंबडी कोपऱ्यात बसून राहते, पिसं विस्कटलेली, तुरा निळसर-काळपट. थंडी असून तोंड उघडून धाप. पोट खाली लोंबलेलं, हाताला पाण्याच्या पिशवीसारखं लागतं. अडतिसाव्या दिवशी माल गेला तोपर्यंत अशा १२८ मेल्या. बाकी किरकोळ धरून २७९० च्या आसपास गाडीत चढल्या, सरासरी वजन १ किलो ९५० ग्रॅम. आणि त्यातल्या काही पोटात पाणी घेऊनच चढल्या, त्याच उल्हासनगरला सापडल्या.

आता पैशाचं बघा. मेलेल्या १२८ कोंबड्यांनी मरायच्या आधी सरासरी दोन किलो ३०० ग्रॅम खाद्य खाल्लं असेल. म्हणजे जवळपास २९५ किलो, ५० किलोच्या सहा गोण्या. वजन शून्य, पण खाद्य माझ्या खात्यावर. विकलेल्या साधारण ५४४० किलोवर ते वाटलं तर एफसीआर पाच पॉइंटने वाढला. ग्रोइंग चार्ज त्यावरच ठरतो. वर मरीची कपात वेगळी. पहिल्या दिवशी मेलेलं पिल्लू स्वस्तात जातं, तिसाव्या दिवशी मेलेली कोंबडी सगळं खाऊन जाते.

कारण शोधायला मी आधी सगळ्यांना दोष दिला. पिल्लू खराब, खाद्यात भेसळ. शेजारचे एक जण म्हणाले एमआयडीसीचा वास. रात्री येतो तो वास, अंबरनाथकडून वारा असला की डोळे चुरचुरतात, त्याबद्दल भांडायलाच पाहिजे. पण एका पहाटे पाच वाजता बाहेरून चालत येऊन मी शेडमध्ये शिरलो आणि कोंबडीच्या उंचीला वाकलो. डोळ्यात पाणी आलं, घसा धरला. तो वास एमआयडीसीचा नव्हता, माझ्याच गादीतला अमोनिया होता. गंमत अशी की रोज आत राहणाऱ्या आमच्या गड्याला तो वास येतच नव्हता. नाक सरावतं. म्हणून ही तपासणी बाहेरून आलेल्या माणसाने करायची, पहाटे करायची, आणि गुडघ्यापाशी नाक नेऊन करायची. उभ्याने कळत नाही. डोळे चुरचुरले म्हणजे प्रमाण हद्दीबाहेर गेलं समजा. अमोनिया आणि धूळ फुफ्फुसाचं अस्तर खराब करतात, ऑक्सिजन आत शिरायची वाट आणखी अरुंद होते.

आणि कोळसा. शेगडी ऑक्सिजन खाते आणि बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड सोडते. धूर दिसत नाही म्हणजे विष नाही असं नसतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे आपण पेपरात वाचतो आणि मग जाऊन पिल्लांच्या मांडवात शेगडी ठेवतो.

इथं एक पेच आहे, तो कबूल करतो. नुसता पडदा उघडून चालत नाही. थंडी वाजली की पिल्लाला अंग गरम ठेवायला जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे थंडीनेही हाच रोग होतो. बंद ठेवलं तरी मार, उघडलं तरी मार. वाट एकच आहे, ऊब पण पाहिजे आणि हवा पण पाहिजे, आणि त्याचा खर्च इंधनात येतो. आपण इंधन वाचवायला पडदा बंद करतो, तिथंच चुकतं.

यंदा मी काय बदललं ते सांगतो. माझा पडदा वर बांधलेला आणि खालून गुंडाळायचा होता. असा पडदा थोडा उघडला की थंड हवा थेट पिल्लाच्या अंगावर. तो काढून खालच्या कट्ट्याला पक्का केला आणि वरून दोरी-कप्पीने खाली सोडायचा केला. आता वरचा एक फूट रात्रभर उघडा असतो. थंड हवा वरून येते, पत्र्याखालच्या गरम हवेत मिसळते, मग खाली उतरते. ओल आणि अमोनिया वरूनच निघून जातात. वारा जोराचा असेल तर वाऱ्याच्या बाजूला चार बोटं, उलट्या बाजूला फूटभर. पूर्ण बंद कधीच नाही, पहिल्या रात्रीसुद्धा नाही. खर्च दोरी, कप्प्या आणि दोन दिवसांची मजुरी. आतला मांडव ठेवला, पण गोणपाटाचा, आणि वरून मोकळा.

शेगडी बंद करून गॅस ब्रुडर घेतले. तेही ऑक्सिजन खातातच, पण वरून हवा चालू असल्यावर निभतं. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ३२-३३ अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. थर्मामीटर खांबावर पाच फुटांवर टांगू नका, तिथं कोणी पिल्लू राहत नाही. सिलिंडर जास्त लागले हे खरं. ज्यांना कोळशाशिवाय पर्याय नाही त्यांनी निखारा बाहेर पूर्ण फुलवून मगच आत न्यावा आणि वरचा पडदा आणखी उघडा ठेवावा. पण विष त्यानेही संपत नाही, कमी होतं इतकंच.

गादीचं मात्र पावसाळ्याचं दुखणं मोठं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं पाऊस आडवा येतो, मग पडदे दिवसाही बंद, तूस ओलं, अमोनिया हिवाळ्यापेक्षा जास्त. 'हिवाळी मर' म्हणतो म्हणून पावसाळ्यात तिकडं लक्ष जात नाही. पत्र्याचा ओट बाहेर तीन-चार फूट वाढवला तर पडदा वरून उघडा ठेवता येतो.

आता खाद्य आणि वाढ. इथं माझं कंपन्यांशी जमत नाही.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ साली एक तुलना छापली. १९५७ ची, १९७८ ची आणि २००५ ची कोंबडीची जात, तिन्हींना एकच खाद्य देऊन सारखी वाढवली. ५६ व्या दिवशी वजन ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. खाद्य तेच, म्हणजे वाढीची ओढ कोंबडीच्या अंगातच भरलेली आहे. हृदय-फुफ्फुस त्या मानाने मागं राहिलं. पैदास करणाऱ्यांनाही हे माहीत आहे. कोविडात आपल्या बोटाला लावायचे तसल्या ऑक्सिमीटरने पाखरांच्या रक्तातला ऑक्सिजन मोजून कमजोर पाखरं पैदाशीतून काढायचं काम गेली काही दशकं चालू आहे, आणि त्याने फरकही पडलाय. पण बंद शेडपुढं ती सुधारणा टिकत नाही.

गोळी खाद्य पिठापेक्षा भराभर पोटात जातं, म्हणून वाढ जोरात आणि हृदयावर ताणही जोरात. करारावरच्या शेतकऱ्याला खाद्य निवडता येत नाही. पण ते कधी खायचं हे आपल्या हातात आहे. आपण रात्रभर बल्ब चालू ठेवतो, खात राहा म्हणून. मी यंदा आठव्या दिवसापासून रात्री चार तास अंधार दिला, दहाव्या दिवसापासून एकविसाव्यापर्यंत सहा तास, साधारण रात्री दहा ते पहाटे चार. अंधारात पाखरू बसतं, खात नाही, ऑक्सिजनची गरज उतरते. ब्रुडर चालू, पाणी चालू, फक्त उजेड बंद. बल्ब लागला की सगळी एकदम फीडरवर धावतात आणि ओरबाडाओरबाडी होते, म्हणून फीडर आधी भरून ठेवायचे आणि संख्येने पुरेसे ठेवायचे. पहिल्या आठवड्यात हा प्रयोग करू नका. तेव्हा पिल्लाला खाऊ द्यायचं.

वेळेचं महत्त्व शेजाऱ्याच्या बॅचवरून कळलं. त्यांनी पाणी झालेल्या कोंबड्या दिसल्यावर, चौथ्या आठवड्यात खाद्य तोडलं. मर थांबली नाही आणि वजनही गेलं. तोवर हृदय सैल पडलेलं असतं, ते मागं फिरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाढ जराशी मंद केली तर हृदय-फुफ्फुसाला गाठायला वेळ मिळतो, आणि वजन पुढं बरंचसं भरून निघतं.

मिठाचं एक सांगून टाकतो. जास्त सोडियमनेही रक्ताचं पाणी वाढतं आणि पोटात पाणी होतं. घरी खाद्य बनवणारे खारवलेल्या सुक्या मासळीची कुटी घालतात आणि वर ठरलेलं मीठही घालतात. कुटीतलं मीठ धरूनच बाकीचं घाला. बोअरचं पाणी खारट लागत असेल तर तेही तपासून घ्या.

यंदाच्या डिसेंबरचा आकडा. पुन्हा ३००० पिल्लं, तीच कंपनी. अटॅकने ११ गेली, पोटातल्या पाण्याने ३४. माल अडतिसाव्या ऐवजी चाळिसाव्या दिवशी गेला, वजन दोन किलोला थोडं कमी. एका बॅचवरून मी छाती ठोकणार नाही, पिल्लाचा लॉट वेगळा असतो, थंडीही वेगळी असते. पण ते दोन दिवस सुपरवायझरला खुपले. "काका, तुमचा डेली गेन मागं पडला," म्हणाला. मी म्हणालो, "साहेब, मागल्या वर्षी मेलेल्या १२८ चा डेली गेन किती होता?" तो हसला, पण त्याच्या कागदावर त्याचा रकाना नाही. पिल्लू त्यांचं, खाद्य त्यांचं, पण सिलिंडर आपला, कप्पी आपली आणि मरीची कपातही आपली. हिवाळी बॅचला दोन दिवस जास्त आणि सिलिंडरचा भत्ता, एवढं करारात आलं पाहिजे असं माझं मत आहे. मरीत त्यांच्याही गोण्या जातात.

एक सावधगिरी. पोटात पाणी दिसलं म्हणजे हाच रोग, असं डोळे झाकून म्हणू नका. पाणी पोटात कमी आणि हृदयाच्या पिशवीत जास्त, सोललेल्या लिचीसारखं हृदय त्यात तरंगतंय, लिव्हर फिकट आणि मर एकदम वाढली, तर ती 'लिची', विषाणूची साथ आहे. तिथं पडद्याने भागणार नाही. बुरशी लागलेल्या मक्याच्या विषानेही लिव्हर खराब होऊन पाणी होतं. आणि एका दिवसात मर चौपट झाली तर फाडत बसू नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बाकी वेळी रोजच्या मेलेल्यांतल्या दोन-तीन ताज्या कोंबड्या डॉक्टरांकडून उघडून घ्या आणि हृदय बघा. उजवी बाजू पिशवीसारखी सैल आणि मोठी दिसली की समजा, तीन आठवड्यांपूर्वीच्या रात्री पडदा बंद होता.

उल्हासनगरच्या दुकानदाराला मी या वेळी स्वतः फोन केला. म्हणाला, "एक निघाली काका, एकच." ती कोणत्या रात्रीची ते मला माहीत आहे. नवव्या दिवशी लग्नाला वांगणीला गेलो होतो, गड्याने गारठा वाटला म्हणून वरचा पडदा ओढून घेतला होता. आता कप्पीच्या दोरीला मी गाठ मारून ठेवलीय, त्या गाठीच्या वर पडदा जात नाही.

ज्यांना कप्पीची जोडणी बघायची असेल त्यांनी शेडवर या, पण आपल्या शेडमधून थेट येऊ नका, चप्पल-कपडे बदलून या.